तीनच्या पलीकडे, दोन्ही दिशांना

अकरावीच्या वह्यांमध्ये हमखास सापडणारी एक ओळ आहे: x² > 9, म्हणून x > ±3. लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. दहावीत x² = 9 चं उत्तर x = ±3 असं लिहून पूर्ण मार्क मिळालेले असतात. आता फक्त बरोबरच्या चिन्हाच्या जागी ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह आलं, बाकी सगळं तसंच राहणार, असं धरून चालणं अगदी साहजिक आहे. पण उत्तर चुकतं. खरं उत्तर असं: x हा तीनपेक्षा मोठा असेल, किंवा उणे तीनपेक्षा लहान असेल. संख्यारेषेचे दोन सुटे तुकडे, आणि मधे सगळं वगळलेलं.

तुकडे दोनच का, आणि ते एकमेकांना का भिडत नाहीत, हे नियम पाठ करून कळत नाही. उलटतपासणीसारखे प्रश्न विचारत गेलं की कळतं. म्हणून पुढचं बरंचसं संवादाच्या रूपात मांडलं आहे. बोलणारे दोघं आहेत: शिकवणीचे सर, आणि अकरावी सायन्सची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली एक मुलगी. ती अजून उणेला सवयीने मायनस म्हणते, आणि सरही तिच्याशी बोलताना तेच म्हणतात.

“हे x > ±3 आहे ना, ते मला साध्या मराठीत वाचून दाखव बरं.”

“x हा प्लस तीनपेक्षा मोठा... आणि मायनस तीनपेक्षा मोठा.”

“आणि, की किंवा?”

“किंवा. बहुतेक.”

“दोन्ही करून बघू. ‘आणि’ घेतलंस तर जी संख्या तीनपेक्षा मोठी आहे, ती मायनस तीनपेक्षा मोठी असतेच. म्हणजे तुझ्या वाक्याचा दुसरा भाग फुकटचा झाला, उरलं नुसतं x > 3. आता ‘किंवा’ घे. मग मायनस तीनपेक्षा मोठं असलं की पुरे. मायनस दोन चालेल?”

“चालेल. थांबा, मायनस दोनचा वर्ग चार. चार काही नऊपेक्षा मोठा नाही. नाही चालत.”

“आणि मायनस पाच?”

“पंचवीस. ते चालायलाच हवं. पण सर, माझ्या उत्तरात मायनस पाच बसतच नाही. कसंही वाचलं तरी.”

हा साधा पडताळा मुलं करत नाहीत, आणि खरं तर चूक पकडण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. समीकरणाचं उत्तर आलं की ते मूळ समीकरणात घालून बघण्याची सवय दहावीत लागलेली असते. असमानतेचं उत्तर मात्र एक संख्या नसून संख्यांचा अख्खा पट्टा असतो, त्यामुळे ‘घालून काय बघायचं’ असं वाटतं. पट्ट्यातली कुठलीही एक संख्या घ्यायची, आणि पट्ट्याबाहेरचीही एक घ्यायची. आतली चालली पाहिजे, बाहेरची चालता कामा नये. इथे मायनस दोन आत येऊन नापास झाली आणि मायनस पाच बाहेर राहून पास झाली. उत्तर दोन्हीकडून फसलं.

“पण मी वर्गमूळ घेतलं होतं, सर. दोन्ही बाजूंचं. ते चुकीचं आहे का?”

“वर्गमूळ घेणं अजिबात चुकीचं नाही. दोन्ही बाजूंच्या संख्या ऋण नसतील, तर मोठ्या संख्येचं वर्गमूळ मोठंच राहतं, चिन्हाची दिशा बदलत नाही. चूक त्याच्या पुढच्या पायरीला झाली. x² चं वर्गमूळ काय लिहिलंस?”

“x.”

“x मायनस पाच असेल तर?”

“वर्ग पंचवीस, त्याचं वर्गमूळ... पाच. मायनस पाच नाही.”

“का नाही? मायनस पाचचा वर्गही पंचवीसच आहे की.”

“वर्गमूळाचं चिन्ह असलं की धन उत्तरच घ्यायचं असतं.”

“बरोबर. पंचवीसला वर्गमूळं दोन, पण ते चिन्ह त्यातल्या धन वर्गमूळाचं नाव आहे. म्हणजे आत गेला मायनस पाच आणि बाहेर आला पाच. आत पाच गेला असता तरी पाचच आला असता. संख्येचं चिन्ह पुसून नुसती तिची किंमत देणारं असं काहीतरी तू नववीत शिकली आहेस.”

“केवलमूल्य!”

“मग वर्गमूळ घेतल्यावरची ओळ काय लिहायला हवी?”

तिने लिहिलं: |x| > 3.

सगळी गोष्ट या एका ओळीत आहे, आणि घाईत हीच ओळ गाळली जाते. x² > 9 वरून थेट x > 3 वर उडी मारणारा विद्यार्थी नकळत असं गृहीत धरतो की x धन आहे. गणितात कुणी तसं सांगितलेलं नसतं. डोळ्यासमोर नेहमी धन संख्याच येतात, एवढंच.

सरांनी पुढे संख्यारेषा न काढता एक सरळ रस्ता काढला. मधे एसटी स्टँड, तिथे शून्य. उजवीकडे एक, दोन, तीन किलोमीटर, आणि डावीकडेही तसेच, फक्त डावीकडच्या आकड्यांना मायनस.

“केवलमूल्य म्हणजे स्टँडपासूनचं अंतर. दिशा विचारायची नाही, फक्त किती लांब ते विचारायचं. आता मी म्हटलं, माझं घर याच रस्त्यावर स्टँडपासून तीन किलोमीटरपेक्षा जास्त लांब आहे. कुठे शोधशील?”

“इकडे तीनच्या पुढे. नाहीतर तिकडे, डावीकडच्या तीनच्या पुढे.”

“डावीकडे ‘पुढे’ म्हणजे आकड्यात काय?”

“मायनस चार, मायनस पाच... म्हणजे मायनस तीनपेक्षा लहान.” इथे ती अडली. “हेच मला विचित्र वाटतं. मायनस पाच ही मायनस तीनपेक्षा लहान. पण वर्ग केला की पंचवीस, नऊपेक्षा मोठा. लहान संख्येचा वर्ग मोठा कसा?”

प्रश्न नेमका आहे. धन बाजूला संख्या वाढली की वर्गही वाढतो, आणि शाळेत आपण बहुतेक वेळ याच बाजूला काढलेला असतो. शून्याच्या डावीकडे उलटं चालतं: संख्या जितकी लहान, तितकी ती शून्यापासून लांब, आणि तितका तिचा वर्ग मोठा. वर्ग करण्याची क्रिया डाव्या बाजूचा क्रम उलटा करते. म्हणूनच उत्तरात एका तुकड्याला > आणि दुसऱ्याला < असं चिन्ह लागतं. हे बीजगणिताने तपासता येतं. x ऋण असेल तर |x| म्हणजे −x. म्हणून −x > 3, आणि दोन्ही बाजूंना उणे एकने गुणलं की चिन्ह फिरतं: x < −3. ± मधे हे चिन्ह फिरणं कुठेच लिहिलेलं नसतं. ± आपल्याला फक्त दोन सीमा सांगतं. सीमेच्या कुठल्या बाजूला जायचं, ते सांगत नाही.

“कळलं,” ती म्हणाली. “पण परीक्षेत रस्ता कसा काढणार? आणि x² − 10x + 16 > 0 असं काही आलं तर? त्यात स्टँड कुठे आहे ते कसं कळणार?”

“मग अवयव पाड. आधी आपल्याच उदाहरणाचे पाडू. नऊ इकडे आण.”

x² − 9 > 0, म्हणजे (x − 3)(x + 3) > 0. दोन संख्यांचा गुणाकार धन केव्हा येतो? दोन्ही धन असतील तर, किंवा दोन्ही ऋण असतील तर. पहिला अवयव तीनपाशी शून्य होतो, दुसरा उणे तीनपाशी. अवयवाला आपलं चिन्ह बदलायचं असेल तर शून्यातूनच जावं लागतं, म्हणून चिन्हं या दोनच ठिकाणी बदलू शकतात. या दोन खुणांनी संख्यारेषेचे तीन भाग पडतात, आणि प्रत्येक भागातून एकेक संख्या घेऊन बघितलं की काम झालं. सरांनी तिच्याकडून हा तक्ता भरून घेतला:

```
x      x - 3    x + 3    (x - 3)(x + 3)
-4      -7       -1         +7
 0      -3       +3         -9
 4      +1       +7         +7
```

“उजवीकडे दोन्ही धन. डावीकडे दोन्ही ऋण. मधे एक धन, एक ऋण, म्हणून गुणाकार ऋण,” ती वाचत गेली. “म्हणजे मधला भाग गेला आणि कडेचे दोन राहिले.”

“प्रत्येक भागातून एकच संख्या तपासलीस. बाकीच्यांचं काय? अडीच, मायनस एक, पावणेतीन?”

“त्या भागात चिन्ह बदलतच नाही ना. बदलायचं असेल तर मधे कुठेतरी शून्य यावं लागेल, आणि शून्य फक्त तीन आणि मायनस तीनपाशीच येतं.”

हे उत्तर देता आलं की तक्ता कळला म्हणायचा. नाहीतर तक्ता भरण्याचीसुद्धा एक पाठांतराची पद्धत होऊन बसते. ‘धन, ऋण, धन’ असं उजवीकडून लिहीत जायचं, एवढंच मुलांना आठवतं, आणि (3 − x)(x + 3) > 0 असं आलं की तीच चिन्हं लिहून पार उलटं उत्तर देतात. x² − 10x + 16 > 0 तिने मग स्वतः सोडवलं: अवयव (x − 2)(x − 8), उत्तर x < 2 किंवा x > 8. सरांनी फक्त एवढं दाखवलं की हीच असमानता (x − 5)² > 9 अशीही लिहिता येते. स्टँड शून्यावरून पाचवर सरकलं, अंतर तेच तीन राहिलं.

“आता चिन्ह उलटं करू. x² < 9.”

“मधला भाग. मायनस तीन आणि तीन यांच्या मधलं सगळं. एकच तुकडा.”

“इथे एकच आणि तिथे दोन, असं का?”

“जवळचे सगळे एकत्र असतात, लांबचे दोन बाजूंना असतात.”

“अजून थोडं नेमकं सांग. मायनस चार चालते, चार चालते. रेषा न सोडता एकीकडून दुसरीकडे चालत जायचं ठरवलं तर?”

“शून्यावरून जावं लागेल. शून्य चालत नाही.”

उत्तराचे तुकडे दोन पडतात ते यामुळे. मायनस चार आणि चार या दोन्ही उत्तरात आहेत, पण एकीपासून दुसरीपर्यंत जाताना वाटेत उत्तराबाहेरच्या संख्या ओलांडाव्याच लागतात. रेषेवर बाजूने वाट काढता येत नाही. उलट x² < 9 मधल्या कुठल्याही दोन संख्या घ्या, त्यांच्या मधल्या सगळ्या संख्या शून्यापासून तीनपेक्षा कमी अंतरावरच असतात. आलेख काढला तर हे एका नजरेत दिसतं. y = x² ची अन्वस्त वक्ररेषा शून्यापाशी तळाला टेकते आणि दोन्हीकडे वर चढते. उंची नऊवर आडवी रेषा ओढली, की तिच्या खाली वक्राचा एक सलग भाग राहतो आणि वर दोन हात सुटे निघतात. x³ > 27 ला मात्र असं होत नाही. घन करताना ऋण संख्या ऋणच राहते, आलेख सतत चढत जातो, आणि उत्तर x > 3 असा एकच तुकडा येतो.

दोन सुटे तुकडे लिहिण्याची पद्धतही इथे सांगून टाकू, कारण मार्क इथेच जातात. x² < 9 चं उत्तर −3 < x < 3 असं एका साखळीत लिहिता येतं. त्याच्या धर्तीवर बरीच मुलं x² > 9 चं उत्तर 3 < x < −3 असं लिहितात. ते वाचून बघा: तीन x पेक्षा लहान आणि x उणे तीनपेक्षा लहान. अशी संख्याच नाही. साखळीचा अर्थ ‘आणि’ असतो, आणि इथे ‘किंवा’ हवं आहे. म्हणून x < −3 किंवा x > 3 असं सुटं लिहायचं, नाहीतर (−∞, −3) ∪ (3, ∞) असा दोन अंतरालांचा संयोग लिहायचा. तीन आणि उणे तीन स्वतः उत्तरात नाहीत, त्यांचा वर्ग बरोबर नऊ आहे. संख्यारेषेवर त्या जागी पोकळ वर्तुळं काढतात.

यानंतर तिने जो प्रश्न विचारला तो हुशार मुलंच विचारतात. “पण सर, शाब्दिक उदाहरणात आपण मायनसवालं उत्तर सोडून देतो. चौरसाचं क्षेत्रफळ नऊ चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर बाजू तीनपेक्षा मोठी, एवढंच लिहितो. मग तिथे दुसरा तुकडा कुठे गेला?”

“x² > 9 मधून तो गेला नाही. बाजू ऋण नसते, ही वेगळी अट तू बाहेरून घातलीस. दोन अटी झाल्या, आणि दुसरीने डावा तुकडा कापला. गणित आधी पुरं सोडवायचं, कापायचं ते नंतर, आणि का कापलं ते लिहायचं.”

हा वाद जुना आहे, आणि त्यात भास्कराचार्य आहेत. इ. स. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा एक भाग असलेल्या त्यांच्या ‘बीजगणिता’त स्पष्ट सांगितलं आहे की धन आणि ऋण या दोन्हींचा वर्ग धनच, आणि म्हणून धन संख्येला दोन वर्गमूळं, एक धन आणि एक ऋण. याच ग्रंथात माकडांचं एक उदाहरण येतं. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा केले, उरले त्यांचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली. एक बाहेर दिसतंय. तर कळप केवढा? आजच्या भाषेत (x/5 − 3)² + 1 = x. सोडवलं तर उत्तरं दोन येतात, पन्नास आणि पाच. पन्नास घेतली तर पाचवा भाग दहा, त्यातून तीन गेले सात, सातचा वर्ग एकोणपन्नास, आणि बाहेरचं एक, मिळून पन्नास. पाच घेतली तर पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले उणे दोन, वर्ग चार, आणि एक मिळून पाच. आकडेमोड दोन्हीकडे चोख आहे. तरी भास्कराचार्यांनी पाच हे उत्तर नाकारलं, कारण उणे दोन माकडं ही गोष्ट लोकांना पटणारी नाही. दुसरं उत्तर त्यांना दिसलं नाही असं नव्हे. त्यांनी ते काढलं, आणि मग कारण देऊन बाजूला ठेवलं. चाळीसगावजवळच्या पाटणे गावातल्या शिलालेखात त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद आहे. म्हणजे असली उदाहरणं खानदेशातली मुलं आठशे वर्षांपूर्वी सोडवत असणार.

अकरावीच्या मुलीला माकडं आवडली, पण तिचं मन अजून त्या रस्त्यातच अडकलं होतं.

“सर, स्टँडपासून तीन किलोमीटरपेक्षा लांब, पण रस्त्यावरच नाही, कुठेही. मोकळ्या मैदानात. मग?”

“तू सांग.”

“तीन किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या बाहेरचं सगळं. मग... तुकडे दोन नाहीत. एकच आहे! उजवीकडून डावीकडे जायचं तर वर्तुळाला वळसा घालून जाता येतं.”

“तीच असमानता, फक्त आता x² + y² > 9. अंतर तेच, अट तीच. रेषेवर मधला भाग वाट अडवतो, मैदानात तो नुसता एक खड्डा होतो.”

इथे दोन तुकड्यांचं मूळ लख्ख दिसतं. ‘नऊपेक्षा मोठं’ या अटीत तुकडे पाडणारं काही नाही. तुकडे पडतात ते संख्या एका रेषेवर ओवलेल्या आहेत म्हणून, कारण रेषेतून मधला तुकडा काढला की ती तुटतेच. हे अकरावीच्या अभ्यासक्रमात नाही. तिथे वर्तुळ भूमितीत असतं आणि असमानता बीजगणितात, आणि दोघांची गाठ कुणी घालून देत नाही. मला ही उणीव वाटते, कारण प्रश्न विचारणारी मुलं तिथपर्यंत आपणहून पोचतात.

ती अजून थांबली नव्हती. “आणि पानावर नुसतं x² > 9 काढलं तर? y ची काही अटच नाही.”

सरांनी पेन तिच्याकडे दिलं. तिने x = 3 वर एक उभी रेषा ओढली, x = −3 वर दुसरी, आणि दोन्ही रेषा तुटक काढल्या, कारण त्यांच्यावरचे बिंदू उत्तरात नाहीत. उजव्या रेषेच्या उजवीकडे रेघोट्या मारल्या, डाव्या रेषेच्या डावीकडे मारल्या. मधला सहा एकक रुंदीचा पट्टा कोरा राहिला. तो वर कुठे संपत नाही आणि खालीही कुठे संपत नाही, त्यामुळे त्याला वळसा घालता येत नाही. इथे तुकडे पुन्हा दोनच.